चारशे जणांना गेलेली मेल

९ मार्च २०१७. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मुख्यालय असलेल्या इक्विफॅक्स कंपनीच्या सुरक्षा विभागाने चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना एक मेल पाठवली. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी सापडली आहे, ज्यांच्याकडे ते वापरात असेल त्यांनी कंपनीच्या धोरणानुसार ४८ तासांत पॅच बसवावा, असा तिचा आशय होता. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने आदल्याच दिवशी कंपनीला सावध केलं होतं. खबर वेळेत आली होती, वेळेत पुढे गेली होती आणि धोरणात मुदतही लिहिलेली होती.

पॅच मात्र बसला नाही. मे ते जुलै या काळात त्याच त्रुटीतून घुसलेल्या चोरांनी सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली.

इक्विफॅक्सचं काम आपल्याकडच्या सिबिलसारखं. कुणी किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले का, याची नोंद ठेवायची आणि बँकांना पुरवायची. (भारतात परवाना असलेल्या चार क्रेडिट ब्युरोंमध्येही एक इक्विफॅक्स आहे, पण ही चोरी अमेरिकेतल्या यंत्रणेत झाली.) त्यामुळे जे गेलं ते नुसते मेलचे पत्ते नव्हते. नावं, जन्मतारखा आणि अमेरिकेत जवळपास आधार क्रमांकासारखा वापरला जाणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक, असं सगळं गेलं. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

या प्रकरणावर अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांनी तपशीलवार अहवाल लिहिले. सुरक्षा त्रुटी हाताळण्याचं धोरण कसं लिहावं, हे शिकायला त्यांच्याइतकं चांगलं साहित्य क्वचितच मिळेल. कारण इथे धोरण नव्हतं म्हणून घात झाला असं म्हणता येत नाही. धोरण होतं, त्यातली मुदत कडक होती, आणि तरी घात झाला.

आधी त्रुटीबद्दल. स्ट्रट्स हा जावा भाषेत वेबसाइट बांधण्यासाठीचा तयार सांगाडा. वेबसाइटवर फाइल चढवताना ब्राउझर सर्व्हरला 'ही अमुक प्रकारची फाइल आहे' असं सांगणारी एक ओळ पाठवतो. त्या ओळीत भलताच मजकूर आला की स्ट्रट्स चूक झाल्याचा संदेश तयार करायला घ्यायचा, आणि ते करताना त्या मजकुरात दडवलेली आज्ञा चक्क चालवून टाकायचा. लॉगिन नको, पासवर्ड नको. बाहेरच्या माणसाने एक ओळ पाठवायची आणि सर्व्हरने ती हुकूम मानून पाळायची. CVE-2017-5638 हा या त्रुटीचा क्रमांक, आणि गंभीरतेच्या दहाच्या पट्टीवर तिला मिळालेले गुण दहापैकी दहा.

त्रुटी जाहीर झाली ७ मार्चला. १० मार्चला, म्हणजे ती मेल गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कुणीतरी इक्विफॅक्सच्या सर्व्हरवर `whoami` ही आज्ञा चालवून पाहिली. या सर्व्हरवर मी कोण आहे, एवढंच ती विचारते. उत्तर आलं म्हणजे दार उघडं आहे. ४८ तास अजून संपलेही नव्हते.

मुदत कुठून मोजायची?

अशा धोरणातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे मुदतींचा तक्ता, आणि बहुतेक वेळा सगळी चर्चा त्यावरच संपते. गंभीरता मोजायला सीव्हीएसएस नावाची जगभर मानली जाणारी पट्टी आहे. नऊ ते दहा गुण म्हणजे क्रिटिकल, सात ते नऊच्या आत हाय, चार ते सातच्या आत मीडियम, त्याखाली लो. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, म्हणजे सिसाने, २०१९ मध्ये आपल्या खात्यांना बजावलं की इंटरनेटवरून दिसणाऱ्या यंत्रणांतली क्रिटिकल त्रुटी १५ दिवसांत आणि हाय ३० दिवसांत मिटली पाहिजे. त्याआधी क्रिटिकललाही ३० दिवस मिळायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने आणखी एक पाऊल टाकलं. चोर ज्या त्रुटी प्रत्यक्षात वापरत असल्याचा पुरावा आहे त्यांची वेगळी यादी केली, आणि तिच्यातल्या नव्या त्रुटींना साधारण दोन आठवड्यांची मुदत दिली, मग गुण कितीही असोत.

या दुसऱ्या निर्णयात मोठं शहाणपण आहे. गुण त्रुटीबद्दल सांगतात. ती तुमच्याकडे कुठे आहे ते सांगत नाहीत. दहा गुणांची त्रुटी तळघरातल्या, कशालाही न जोडलेल्या यंत्रात असेल तर एक महिना थांबता येईल. साडेसात गुणांची त्रुटी ग्राहकांच्या लॉगिन पानावर असेल आणि चोर ती रोज वापरत असतील, तर आठवडाही जास्त आहे. म्हणून तक्ता लिहिताना तीन प्रश्न विचारावेत: गुण किती, यंत्र इंटरनेटला उघडं आहे का, आणि त्रुटी प्रत्यक्ष वापरात आहे का. मध्यम आकाराच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेसाठी सुरुवातीची मोजमापं अशी धरता येतील. उघड्या यंत्रावर आणि चोरांच्या वापरात असेल तर तीन दिवस. क्रिटिकल पण आतल्या यंत्रावर असेल तर पंधरा. हायला तीस दिवस, कारण मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या महिन्याला एकदा पॅच काढतात आणि एक फेरी त्यात बसते. मीडियमला नव्वद. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. जी मुदत दर वेळी मोडावीच लागते, ती लिहून लोकांना मुदत मोडायची सवय तेवढी लागते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. घड्याळ सुरू कधी होतं?

बहुतेक धोरणांत लिहिलेलं असतं, 'त्रुटी आढळल्यापासून'. ऐकायला रास्त वाटतं. आता हे वाक्य इक्विफॅक्सला लावून पाहा. मेलनंतर सहा दिवसांनी, १५ मार्चला, सुरक्षा विभागाने इंटरनेटकडे तोंड असलेल्या यंत्रणांचा स्कॅन केला. स्कॅनरला जुनं स्ट्रट्स कुठेच सापडलं नाही. म्हणजे 'आढळल्यापासून' मोजायचं तर घड्याळ सुरूच झालं नाही. मुदत मोडली नाही, कुणी थकबाकीदार नाही, महिन्याच्या अहवालात सगळं हिरवं. आंधळ्या स्कॅनरच्या जोरावर कुठलीही कंपनी असं शंभर टक्के पालन दाखवू शकते.

म्हणून क्रिटिकल त्रुटींसाठी दोन घड्याळं लागतात. पहिलं सुरू होतं त्रुटी जगाला जाहीर झाली त्या क्षणी, आणि ते एकच प्रश्न विचारतं: हे आपल्याकडे आहे का, असल्यास कुठे कुठे? त्याला चोवीस तास पुरेत. उत्तर 'नाही' असेल तरी ते कुणीतरी नावानिशी दिलेलं हवं. गप्प राहणं म्हणजे 'नाही' असं धरायचं नाही. दुसरं घड्याळ दुरुस्तीचं, आणि तेही जाहीर झालेल्या क्षणापासूनच मोजायचं.

कुणी करायचं?

पॅच कसा बसवायचा, हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस त्या चारशे जणांत नव्हता. इक्विफॅक्समध्ये स्ट्रट्स वापरात आहे हे माहीत असलेल्या डेव्हलपरचं नाव त्या मेलयादीत नव्हतंच. त्याच्या वरिष्ठाचं होतं. वरिष्ठाला मेल मिळाली, पण त्याने ती पुढे पाठवली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये माजी सीईओ रिचर्ड स्मिथ यांनी संसदीय समितीपुढे एका माणसाच्या चुकीकडे बोट दाखवलं. पण चारशे जणांना एकच मेल जाते तेव्हा प्रत्येकाला आपण सोडून बाकी ३९९ जण दिसतात.

इथे मराठी कार्यालयीन भाषेला एक जुनी खोड आहे, आणि तंत्रज्ञानाच्या धोरणांतही ती हमखास उतरते. 'गंभीर त्रुटी विहित मुदतीत दुरुस्त करण्यात याव्यात.' या वाक्यात कर्ताच नाही. कोणी दुरुस्त कराव्यात? वाक्य व्याकरणाने चोख आहे आणि कामाला निरुपयोगी. त्याऐवजी असं लिहावं: 'नोंदवहीत यंत्रणेपुढे ज्याचं नाव लिहिलं आहे तो अधिकारी त्रुटी दुरुस्त करील. तो रजेवर असेल तर त्याच्याखाली नाव असलेला अधिकारी करील. नोंदवहीत नाव नसेल तर ती यंत्रणा माहिती तंत्रज्ञान प्रमुखाची मानली जाईल.' शेवटचं वाक्य मुद्दाम टोचणारं आहे. ते असलं की प्रमुख रिकामे रकाने स्वतःच भरून घेतो.

अर्थात यासाठी नोंदवही तरी हवी. आपल्याकडे नेमकी कोणकोणती यंत्रं आणि सॉफ्टवेअर आहेत याची संपूर्ण यादी इक्विफॅक्सकडे नव्हती. ज्या पोर्टलमधून चोर शिरले ते ग्राहकांच्या तक्रारी घेणारं होतं आणि त्याचं मूळ १९७० च्या दशकातल्या यंत्रणेत होतं. चाळीस वर्षांत एकावर एक थर चढत गेलेल्या अशा यंत्रणेत स्ट्रट्स कुठे बसलंय, हे एका माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस मेलयादीत नसला की संपलं.

झालं म्हणजे नक्की काय झालं?

१५ मार्चचा स्कॅन चुकला कसा? सिनेटच्या समितीने नोंदवलेलं कारण साधं आहे: स्कॅनर सर्व्हरच्या वरच्या, मूळ फोल्डरवर चालवला गेला, आणि स्ट्रट्स होतं आतल्या उपफोल्डरमध्ये. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा हलवून पाहावा, कडी घट्ट आहे म्हणून समाधानाने परतावं, आणि परसदार सताड उघडं असावं, तसं.

स्ट्रट्सच्या बाबतीत ही चूक फार सहज होते. विंडोज किंवा लिनक्सचा भाग असलेलं सॉफ्टवेअर यंत्राच्या स्वतःच्या यादीत असतं, त्यामुळे स्कॅनर यादी वाचून सांगू शकतो. स्ट्रट्स तसं बसवलेलं नसतं. ते वेबसाइटच्या पोटात, तिच्याच फाइलींबरोबर, एका छोट्या फाइलच्या रूपात पडून असतं. यंत्राला पत्ता नसतो, म्हणून यंत्राचे सगळे पॅच बसवले तरी तिला धक्का लागत नाही. ती शोधायची तर त्या सर्व्हरवर लॉगिन करून आत पाहावं लागतं:

```
find / -name 'struts2-core-*.jar' 2>/dev/null
```

उत्तरात `struts2-core-2.3.31.jar` असं नाव आलं तर त्रुटी आहे. त्या मालिकेत दुरुस्ती 2.3.32 मध्ये झाली. पण ही आज्ञाही पुरेशी नाही. वेबसाइट जर एकाच मोठ्या बांधलेल्या गठ्ठ्यात असेल, तर फाइल त्या गठ्ठ्याच्या आत लपते आणि नावाने सापडत नाही. गठ्ठा सोडून आत पाहावं लागतं. दुरुस्तीही नुसती फाइल बदलून भागत नाही. नवी आवृत्ती घेऊन वेबसाइट पुन्हा बांधायची, तपासायची, मग चढवायची. जुन्या पोर्टलसाठी ४८ तास खरोखर कमी होते, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

म्हणून पडताळणीच्या कलमात पहिली अट असते की दुरुस्ती करणारा आणि तपासणारा एक नसावा. टीमच्या तिकीट-यंत्रणेत 'दुरुस्त केलं' आणि 'तपासलं' असे दोन वेगळे टप्पे असावेत. पहिला टप्पा डेव्हलपर लावतो, दुसरा त्याला लावताच येत नाही. मुदतीचं घड्याळ दुसऱ्या टप्प्यावरच थांबतं. इतकं केलं तरी वागणं बदलतं. तपासणाऱ्याला वेळ लागतो हे डेव्हलपरला माहीत असतं, म्हणून तो मुदतीच्या आदल्या रात्री तिकीट ढकलत नाही.

दुसरी अट तपासणाऱ्याच्या हत्याराबद्दल आहे. 'स्कॅनरला काही सापडलं नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात: त्रुटी नाही, किंवा स्कॅनरला दिसत नाही. फरक ओळखायचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. बाकी जाळ्यापासून तोडलेल्या एका चाचणी सर्व्हरवर, खऱ्या वेबसाइटसारख्याच आतल्या फोल्डरमध्ये, त्रुटी असलेली जुनी फाइल मुद्दाम ठेवायची. स्कॅनरला ती सापडली तर बाकी ठिकाणच्या 'सापडलं नाही'ला अर्थ आहे. नाही सापडली तर तो स्कॅन कागदोपत्रीही धरू नये. १५ मार्चला असं एक आमिष ठेवलेलं असतं तर स्कॅनर चुकीच्या जागी बघतोय हे त्याच दिवशी कळण्याची शक्यता होती. चोर खऱ्या अर्थाने आत शिरले ते १३ मे रोजी. मधले जवळजवळ दोन महिने हाताशी होते.

तिसरी अट बारकाव्यांची. नवी फाइल ठेवली पण सेवा पुन्हा सुरू केली नाही, तर चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीतली जुनीच आवृत्ती वापरत राहतो. तपासणारा तबकडीवरची फाइल पाहून खूण करतो, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. एकाच वेबसाइटचं काम चार सर्व्हर वाटून घेत असतील तर तीन दुरुस्त होतात आणि चौथा त्या दिवशी देखभालीसाठी बंद असतो. आपत्तीसाठी राखून ठेवलेला दुसऱ्या शहरातला सर्व्हर तर हमखास विसरला जातो. आणि क्लाउडवर नवे सर्व्हर ज्या साच्यातून आपोआप उभे राहतात तो साचाच जुना असेल, तर त्रुटी आठवड्याभरात परत येते. म्हणून तपासणी दोनदा हवी: दुरुस्तीनंतर लगेच, आणि साधारण सात दिवसांनी पुन्हा. बंद केलेलं तिकीट दुसऱ्या तपासणीत नापास झालं तर जुनंच तिकीट उघडावं, नवं काढू नये. नाहीतर घड्याळ शून्यावर येतं आणि उशीर दिसेनासा होतो.

कधी कधी पॅचच अपुरा निघतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या आणखी एका घटकात तशीच दहा गुणांची त्रुटी सापडली. दुरुस्तीसाठी 2.15.0 ही आवृत्ती आली, ती पुरेशी नाही असं काही दिवसांतच कळलं, मग 2.16.0 आली, त्यानंतर 2.17.0. ज्यांनी तिकिटात फक्त 'अपडेट केलं' असं लिहून ते बंद केलं होतं, त्यांना कुठल्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे हे पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं. ज्यांनी पुराव्यात सर्व्हरचं नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि तपासल्याची वेळ लिहिली होती, त्यांच्यासाठी ते यादीतून चाळण्याचं काम होतं.

सवलत आणि तिची मुदत

काही त्रुटी मुदतीत मिटणारच नसतात. विक्रेत्याने पॅच काढलेला नसतो, किंवा मार्चअखेर असते आणि बँक यंत्रणेला हात लावू देत नाही. धोरणात याची वाट ठेवली नाही तर लोक चोरवाट काढतात. सवलत द्यावी, पण लेखी, शेवटची तारीख घालून, आणि सही त्या व्यवहाराच्या प्रमुखाची घ्यावी, तंत्रज्ञाची नव्हे. त्या दरम्यान जो तात्पुरता बंदोबस्त केला असेल त्याचीही तपासणी दुरुस्तीइतकीच कडक हवी.

याही बाबतीत इक्विफॅक्सचा दाखला बोलका आहे. आत-बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारं उपकरण कंपनीकडे होतं. पण वेबसाइटची माहिती सांकेतिक रूपात फिरते, आणि ती उलगडून पाहायला त्या उपकरणाला एक डिजिटल प्रमाणपत्र लागायचं. त्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. उपकरण चालू होतं, दिवे लागलेले होते, पण त्या पोर्टलच्या माहितीत काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. २९ जुलैला नवं प्रमाणपत्र बसवलं आणि त्याच दिवशी संशयास्पद वाहतूक नजरेला पडली. दुसऱ्या दिवशी पोर्टल बंद झालं. तोवर चोर ७६ दिवस आत होते, आणि या पोर्टलशी काही संबंध नसलेल्या ४८ डेटाबेसपर्यंत पोहोचले होते. एका फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेली वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड त्यांना सापडले होते, त्याने वाट सोपी झाली. लोकांना हे कळलं ७ सप्टेंबरला. पुढे २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं.

या सगळ्याची चाहूल कंपनीला दोन वर्षं आधीच लागली होती. २०१५ मध्ये इक्विफॅक्सच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी पॅच बसवण्याच्या पद्धतीची तपासणी केली. मुदत उलटून नव्वद दिवसांहून जास्त झालेल्या साडेआठ हजारांवर त्रुटी त्यांना सापडल्या. पॅच बसवला की नाही हे पाहण्याची कंपनीकडे ठोस पद्धत नाही, सारा कारभार 'बसवला' म्हणणाऱ्याच्या शब्दावर चालतो, यंत्रांची पूर्ण यादी नाही, असं त्यांनी अहवालात लिहून दिलं. सिनेटच्या समितीने कंपनीचे कागद चाळले तेव्हा त्या अहवालातले दोष दूर झाले का, हे पाहणारं दुसरं लेखापरीक्षण तिला सापडलं नाही. ते झालंच नव्हतं.